फोडणीच्या घरात कोणती चिमणी?

तेल कडकडीत तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, मिरची पडली की तेलाचे सूक्ष्म थेंब वाफेबरोबर वर उडतात. चिमणी निवडताना हे थेंब कुठे अडकतील आणि तिथून ते कोण काढणार, हे आधी पाहावं.

बॅफल फिल्टरमध्ये वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्या असतात. हवा वळणं घेत जाते, जड थेंब पट्टीवर आपटून खाली ओघळतात. बरंचसं तेल पंख्याआधीच अडतं. मात्र रोज दोन वेळा फोडणी होत असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी गरम पाण्यात, साबण घालून भिजवून घासावी लागते.

ऑटो-क्लीन चिमण्यांपैकी अनेकींना फिल्टरच नसतो. फिरत्या पंख्याच्या झोतानं तेल बाजूला फेकलं जातं. बटण दाबलं की आतला हीटर चिकटलेलं तेल पातळ करतो आणि ते खालच्या वाटीत उतरतं.

गफलत इथेच होते. महिनोन्‌महिने बटण दाबलंच नाही, तर तेलाचा डिंकासारखा थर बनतो. तो हीटरनं वितळत नाही. मग आवाज वाढतो, ओढ घटते. चालू चिमणीखाली पातळ कागद धरावा. तो वर चिकटला नाही, तर मेकॅनिककडून पंखा उघडून धुऊन घ्यावा.

जाळी घासायला घरात वेळ आणि हात असतील, तर बॅफलच घ्यावी. नसतील तर ऑटो-क्लीन घ्यावी, पण आठवड्याला बटण दाबावं आणि वाटी नियमित रिकामी करावी.