लोहारा, 2005 ते 2025: एका छायाचित्राखालील मजकूर

मित्रा, सोबतच्या छायाचित्रात दोन मुले एकाच लाकडी नंदीची दोरी धरून उभी आहेत. त्याखाली ‘वीस वर्षांची मैत्री’ एवढेच लिहून भागले असते, आणि जिवलग, निःस्वार्थ, सुखदुःखाचा सोबती अशी विशेषणे जोडण्याचा शिरस्ताही आहेच. परंतु ती विशेषणे कोणत्याही दोन मित्रांच्या चित्राखाली चिकटतील, म्हणून लोहाऱ्यात जे घडले तेच लिहितो.

ते वर्ष 2005. पाचवीच्या वर्गात आपण एका बाकावर आलो त्याला तीनच महिने झाले होते. आपल्या विदर्भात श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, हे पुण्यामुंबईच्या मंडळींना मला अजूनही समजावून सांगावे लागते. माझ्यापाशी नंदी नव्हता. तुझ्यापाशी होता, परंतु त्याचे मागचे एक चाक निखळले होते, आणि तू नंदी माझ्या घरी आणून, डब्याच्या पत्र्याचे झाकण कापून, मध्ये खिळ्याने भोक पाडून ते चाक म्हणून बसवलेस. नवे चाक जुन्याहून किंचित मोठे निघाल्यामुळे नंदी एका अंगाला कलून चालत असे. घरोघरी फिरून जो बोजारा मिळाला, त्याची वाटणी तू ओट्यावर बसून केलीस, आणि नंदी तुझा असूनही दोन ढिगाऱ्यांपैकी कोणता घ्यावा हे आधी मला ठरवू दिलेस. वाटणी करणाऱ्याने निवड दुसऱ्याकडे सोपवावी, हा न्याय तुला त्या वयात कोणी शिकवला होता, हे मला आजतागायत कळलेले नाही.

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतलेतला दारव्ह्यापर्यंतचा प्रवासही असाच लक्षात आहे. अडीच फुटांच्या रुळांवरची ती गाडी; तिचे वाफेचे इंजिन 1994 सालीच गेले होते, आपल्या वाट्याला डिझेलचे आले, तरी वेग मात्र पूर्वीचाच राहिला होता. खिडकीतून पऱ्हाटीची रांगच्या रांग तपासता येई, आणि कोणत्या शेतात बोंडे भरली, कोठे पाते गळून पडले, हे तू मला दाखवीत जात होतास. पुढे मी नोकरीसाठी पुण्यास गेलो, तू शेतीत राहिलास. त्या गाडीत बसून केलेली ती पाहणी तुझा व्यवसाय झाली.

परंतु या मजकुरात सर्वांत अधिक जागा, मी गावी आलो होतो त्या 2017 सालच्या दसऱ्याला दिली पाहिजे. त्या हंगामात कापूस डोक्याहून उंच वाढला होता, त्यामुळे फवारणारा इसम पिकाच्या आत उभा राहून नळी वर धरी आणि औषधाचा तुषार त्याच्याच तोंडावर, मानेवर, सदऱ्यावर उतरे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. तुझे काका दुपारी धुऱ्यावर येऊन बसले, ‘डोयासमोर धुकं दिसून रायलं’ म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून लाळ गळू लागली. ऊन लागले असेल, कांदा हुंगवा, असे जमलेली माणसे म्हणत होती. तू त्यांच्या पापण्या वर करून पाहिल्यास. भर सावलीत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या होत्या. ऊन लागलेल्या माणसाचे अंग तापते, पण त्याच्या बाहुल्या सहसा अशा आकसत नाहीत, एवढी खूण तुला पुरली. तू हातांना पिशव्या गुंडाळून त्यांचा भिजलेला सदरा उतरवलास, विहिरीच्या पाण्याने व साबणाने अंग धुतलेस, आणि मोटारसायकलीवर त्यांना मध्ये बसवून मला मागे धरायला सांगितलेस. निघता निघता परत फिरून औषधाची रिकामी बाटली मात्र तू पिशवीत बांधून घेतलीस.

त्या बाटलीचे मोल मला यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात कळले. नेमके कोणते विष अंगात गेले, हे ठाऊक असल्यावाचून डॉक्टरांना लक्षणांच्या अंदाजानेच उपचार करावे लागतात. बाटलीवरील नाव वाचताच ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचे औषध असल्याचे निश्चित झाले आणि ॲट्रोपीन सुरू झाले. रात्रभर परिचारिका येऊन छातीतील घरघर ऐकत, नाडी पाहत, मात्रा वाढवीत होत्या. पहाटे काकांनी पाणी मागितले. तू उठून बाहेर गेलास आणि बराच वेळ आत आला नाहीस.

पुढल्या हंगामापासून तुझ्या कोठ्याच्या दाराला फवारणीचे कपडे वेगळे टांगलेले असतात, आणि वारा कोणीकडून वाहतो हे पाहिल्याशिवाय तू कोणाच्या पाठीवर पंप चढू देत नाहीस. काका अजून शेतात जातात. यंदाच्या वेचणीला, सीतादहीच्या दिवशी, मी येतो आहे. दही मी आणीन, भात वहिनींना सांगून ठेव.