डोळ्यांमधली उजळ जागा

काजळ भरलं की डोळे मोठे दिसतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण ज्यांचे डोळे मुळातच जवळजवळ आहेत, त्यांनी नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडच्या कोपऱ्यापर्यंत सलग ठसठशीत रेघ ओढली, तर डोळे आणखीच जवळ आल्यासारखे वाटतात. चेहरा उगाच त्रासलेला दिसतो तो वेगळाच. बघणारा काही डोळ्यांमधलं अंतर मोजत नसतो. त्याला दोन गडद पट्टे दिसतात आणि त्यांच्यामधली उजळ जागा दिसते. ती जागा आक्रसली की डोळे जवळ वाटतात, पसरली की लांब. मेकअपने जी काही कमाल करायची, ती या उजळ जागेच्या कडांवर करायची असते.

आधी आपले डोळे कसे आहेत ते पाहून घ्यावं. आरशासमोर सरळ उभं राहून कागदाच्या पट्टीवर एका डोळ्याची रुंदी, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची, खुणेने घ्या आणि तीच पट्टी दोन डोळ्यांच्या मध्ये धरा. मधली जागा तेवढीच भरली तर डोळे मध्यम अंतरावर, कमी भरली तर जवळ, जास्त भरली तर लांब. मोबाइलवर काढलेल्या सेल्फीवरून हे ठरवू नये. कॅमेरा जवळ असला की नाक फुगतं आणि सगळी मापं बिघडतात. ‘दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावावा’ हा नियम युरोपातल्या जुन्या चित्रकारांकडून आलेला आहे. कॅनडातल्या लेस्ली फार्कस यांनी 1985 साली प्रत्यक्ष चेहरे मोजून असे नियम तपासले, तेव्हा बऱ्याच चेहऱ्यांना ते लागू पडत नाहीत असंच दिसलं. तेव्हा मिलिमीटरभर इकडेतिकडे असेल तर पट्टी ठेवून द्यावी आणि आपल्या कामाला लागावं.

जवळच्या डोळ्यांच्या बाबतीत पहिला निकाल भुवया लावतात. भुवई कुठून सुरू करायची, याचा पार्लरमधला ठोकताळा ठरलेला आहे: नाकपुडीच्या कडेला पेन्सिल उभी धरायची, ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून जिथे भुवईला भिडेल तिथून सुरुवात. डोळे जवळ असले की ही सुरुवात त्या रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेर, म्हणजे कानाच्या बाजूला, न्यायची. माझ्या मावसबहिणीच्या एका डोळ्याची रुंदी 30 मिलिमीटर भरली आणि दोन डोळ्यांमधली जागा 27. तिच्या भुवया मात्र कोपऱ्याच्याही आतून, जेमतेम 22 मिलिमीटरच्या अंतरावर सुरू होत होत्या. प्रत्येक बाजूने दोन-दोन मिलिमीटर कमी केल्यावर भुवयांमधली जागा 26 झाली. डोळ्यांना कुणी हातही लावला नव्हता, तरी ते सुटे सुटे वाटायला लागले.

इथे घाई नडते. पार्लरमधली बाई दोरा दातात धरून विचारते, “ताई, आतलं अजून थोडं काढू?” आणि आपण डोळे मिटलेल्या अवस्थेतच हो म्हणून मोकळे होतो. भुवया प्रमाणाबाहेर लांब गेल्या की नाकाचं मूळ रुंद दिसायला लागतं, आणि गेलेले केस परत यायला काही महिने लागू शकतात. वर्षानुवर्षं उपटलेले तर काही वेळा येतच नाहीत. म्हणून थ्रेडिंगला बसण्याआधी घरी जे केस काढायचे वाटतात, त्यांच्यावर त्वचेच्या रंगाचं कन्सीलर दाबून लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या आरशात पाहा. बरं दिसलं तरच दोऱ्याला परवानगी द्या.

मग आयलायनर. वरच्या पापणीवरची रेघ कोपऱ्यापासून काढायचीच नाही. काळं बुबुळ आतल्या बाजूने जिथे सुरू होतं, त्याच्या वरून केसासारखी बारीक सुरुवात करावी, मध्यापलीकडे ती जाड होत जावी आणि बाहेरच्या कोपऱ्यापुढे तीन-चार मिलिमीटर थोडी वर चढून संपावी. खालच्या पापणीला काजळ लावायचं ते फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. मस्काऱ्याचा दुसरा हातही बाहेरच्या पापण्यांनाच.

एवढं जपूनही दुपारी घोटाळा होतो. दर वेळी पापणी मिटताना अश्रू नाकाकडच्या कोपऱ्याकडे ढकलले जातात, कारण त्यांचा निचरा होण्याची भोकं तिथेच आहेत. त्यांच्याबरोबर काजळही सरकतं. सकाळी बाहेरच्या टोकाला लावलेलं काजळ जेवणाच्या सुट्टीपर्यंत आतल्या कोपऱ्यात येऊन बसलेलं असतं आणि आपण ज्याच्यापासून पळत होतो तेच हजर. पर्समध्ये कापसाची काडी असू द्यावी.

आयशॅडोचं तत्त्वही तेच: आतला भाग उजळ, बाहेरचा गडद. पण आपल्याकडे अनेकींच्या आतल्या कोपऱ्याजवळची त्वचा मुळातच सावळी, तपकिरी असते आणि डोळे जवळ दिसण्यात तिचाही वाटा असतो. त्यावर थेट पांढरट चमक फासली की भाग उजळत नाही, राखाडी पडतो. आधी पीच किंवा नारिंगी रंगाचं करेक्टर अगदी पातळ थापावं, त्यावर कन्सीलर, आणि मग त्वचेहून एक छटा उजळ अशी सोनेरीकडे झुकणारी शॅडो. बाहेरच्या भागातला तपकिरी रंग ब्रशने कानशिलाच्या दिशेने विरवत न्यावा.

लांब असलेल्या डोळ्यांचं मला विचाराल तर त्यांना फार छेडू नये. जॅकलिन केनेडींचे डोळे चांगलेच लांब होते आणि त्यांच्या चेहऱ्याची ओळखच त्यामुळे होती. तरीही जवळ आणायचेच असतील तर सगळं उलट करायचं. भुवई पेन्सिलने दोन मिलिमीटर आत वाढवायची, पण ठोकळा रंगवायचा नाही. केसांसारख्या सुट्या रेघा वरच्या दिशेने ओढायच्या. लायनर आतल्या कोपऱ्यापर्यंत न्यायचं, आतल्या अर्ध्यात जाड ठेवायचं आणि बाहेरच्या कोपऱ्यावर थांबवायचं, शेपूट नको. आतल्या कोपऱ्यात चमक भरण्याची हल्ली सरसकट पद्धत पडलीय, ती यांनी पाळू नये. चमक हवीच असेल तर पापणीच्या मधोमध. आतला कोपरा आणि नाक यांच्यामधल्या खळग्यात त्वचेहून दोन छटा गडद, बिनचमकीची शॅडो हलक्या हाताने फिरवावी. मात्र ती कोपऱ्याच्या पातळीखाली उतरता कामा नये. खाली उतरली की ती सावली वाटत नाही, रात्रभर जागल्यासारखी काळी वर्तुळं दिसतात आणि भेटणारा प्रत्येक जण “बरं नाही का?” म्हणून विचारतो.

टिकलीही याच उजळ जागेत बसते. लांब डोळ्यांना भुवयांच्या बरोबर मध्ये लावलेली मोठी टिकली छान सांधून घेते. जवळच्या डोळ्यांसाठी ती लहान घ्यावी आणि बोटाच्या पेराएवढी वर सरकवावी.

चष्मा असेल तर मात्र या सगळ्याच्या आधी त्याची फ्रेम पाहा. नाकावरचा जोड काळा, जाड असला की डोळे जवळ येतात. तो पारदर्शक किंवा बारीक सोनेरी तारेचा असला की लांब जातात.