सोनेतारण कर्जाचा करार : सही करण्यापूर्वी

समजा, घरखर्चासाठी तारण ठेवलेल्या दागिन्यांत, खडे वगळता, निव्वळ सोन्याचे मूल्य २ लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या अशा कर्जाची मर्यादा मूल्याच्या ८५ टक्के, म्हणजे १,७०,००० रुपये आहे. परंतु मुद्दल व व्याज वर्षाअखेर एकरकमी फेडावयाचे असल्यास त्या मर्यादेत व्याजही धरले जाते. म्हणून १२ टक्के दराने हाती सुमारे १,५१,७०० रुपयेच येतील.

व्याजाचे टप्पे करारात वाचून घ्यावेत. भरणा लांबल्यास दर कोणत्या दिवसापासून व किती वाढतो, हे सहीपूर्वीच विचारावे.

अशा कर्जाचे नूतनीकरण हवे असल्यास साचलेले व्याज, येथे सुमारे १८,२०० रुपये, प्रथम भरावे लागते. याकरिता मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा.

लिलावापूर्वी कर्जदारास पुरेशी सूचना मिळाली पाहिजे. यास्तव पत्ता बदलल्यास तो कळवावा. राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही; दोन लिलाव निष्फळ ठरल्यास ती ८५ टक्क्यांपर्यंत उतरविता येते. येणे वजा जाता उरणारी रक्कम, लिलावाचे पूर्ण पैसे जमा झाल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत, कर्जदारास परत मिळावयास हवी. तिचा हिशेब अवश्य मागावा.