खोडलेली नोंद कुठे जाते?

क्लाउडवर साठवलेल्या फाइलमधली एखादी ओळ जागच्या जागी खोडता येत नाही. अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते. अशा हजारो फाइली मिळून एक टेबल होतं. जुन्या हाइव्ह पद्धतीत टेबल म्हणजे फोल्डर, आणि त्यात जे सापडेल तो डेटा. दहापैकी सहाच फाइली जागेवर पोचल्या आणि काम बंद पडलं, तर त्याच वेळी अहवाल काढणाऱ्याला अर्धवट बेरीज मिळे. ती अर्धवट आहे, याची कुठेच खूण नसे.

नेटफ्लिक्समध्ये रायन ब्लू आणि डॅन वीक्स यांनी २०१७ मध्ये यावर ‘आइसबर्ग’ उभं केलं. पुढच्या वर्षी ते अपाचे फाउंडेशनकडे गेलं. आइसबर्ग फोल्डर बघतच नाही. टेबलात नेमक्या कोणत्या फाइली आहेत याची यादी ते ठेवतं, आणि प्रत्येक बदलाला नवी यादी करतं. त्या यादीला स्नॅपशॉट म्हणतात. चालू स्थिती कोणती, एवढंच कॅटलॉग सांगतो.

समजा, ऑर्डरींच्या टेबलात १००० फाइली आहेत आणि एका ग्राहकाच्या नोंदी त्यातल्या तीन फाइलींत आहेत. त्या खोडताना या तीन फाइली ग्राहकाला वगळून नव्याने लिहिल्या जातात. नव्या यादीत जुन्या ९९७ आणि नव्या ३. सगळं तयार झाल्यावरच कॅटलॉगमधला निर्देश एका झटक्यात बदलतो. तोवर वाचणाऱ्याला जुनीच यादी दिसते. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तो निर्देश हलवला असेल, तर आपला बदल नाकारला जातो. दोन्ही बदलांत संघर्ष नसेल तर ताज्या यादीवर पुन्हा प्रयत्न होतो, असेल तर काम फसतं, पण उघडपणे.

रकान्यांचंही तसंच. प्रत्येकाला कायमचा क्रमांक असतो. म्हणून एखादा रकाना काढून त्याच नावाचा नवा जोडला, तरी जुनी मूल्यं त्यात उगवत नाहीत.

जुन्या याद्या शिल्लक असल्याने मागच्या तारखेचं टेबल वाचता येतं:

```sql
SELECT * FROM orders TIMESTAMP AS OF '2024-03-04 10:00:00';
```

पण मग तो ग्राहकही तिथे दिसतोच, कारण त्याच्या तीन जुन्या फाइली अजून साठ्यात आहेत. त्याने आपली माहिती पुसायला सांगितली असेल, तर नुसतं `DELETE` पुरत नाही. `expire_snapshots` चालवून जुने स्नॅपशॉट मोडीत काढावे लागतात. वेगळं काही सांगितलं नाही तर पाच दिवसांपेक्षा जुने जातात. त्यानंतर तिथवर मागे जाताही येत नाही. एखाद्या स्नॅपशॉटला कुणी टॅग लावला असेल तर तो मात्र टिकतो, त्यामुळे आधी `orders.refs` तपासावं. आणि साठ्यातच फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू असेल, तर तिथेही वेगळी सफाई करावी लागते.