‘बघतो’ म्हणू नका

जुलै-ऑगस्टमध्ये मराठी लेखकाच्या टेबलावर दिवाळी अंकांचे लेख साचलेले असतात. बहुतेक संपादकांना मजकूर ऑगस्टअखेर हातात हवा असतो. नेमका तेव्हाच जुन्या कॉलेजातून सरांचा फोन येतो, “वार्षिकांकासाठी काहीतरी दे रे, माजी विद्यार्थी म्हणून.” मानधनाचा प्रश्न नसतो, सरांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि तोंडातून निघतं, “बघतो सर.”

सर ते होकार म्हणून वहीत टिपून घेतात. घोळ इथूनच सुरू होतो.

वार्षिकांकाची पानं छापखान्यात सुटी छापली जात नाहीत. ती आठ किंवा सोळा पानांच्या फॉर्म्यात बसतात. चौसष्ट पानांचा अंक म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्मे. हजार शब्दांचा लेख, फोटो धरून, दोन-तीन पानं घेतो. तो आयत्या वेळी आला नाही, तर तेवढीच पानं काढून टाकता येत नाहीत; काहीतरी भरावंच लागतं. मग स्नेहसंमेलनाचे फोटो ताणून मोठे होतात, नाहीतर कुणा विद्यार्थ्याची कविता दोन पानांवर ऐसपैस पसरते. अनुक्रमणिका आधीच लागली असेल तर तीही पुन्हा लावायची. हे सगळं वर्ग आणि पेपर तपासणी सांभाळून एक प्राध्यापक आणि चार विद्यार्थी करत असतात.

म्हणून नकार द्यायचाच असेल तर दोन दिवसांत द्यावा. फोनवर संकोच वाटला तर लिहून द्यावा, म्हणजे समितीलाही दाखवता येतो. समजा, असा:

“सर, नमस्कार. आपण आठवण ठेवलीत, बरं वाटलं. ऑगस्टअखेर दोन दिवाळी अंकांचे लेख द्यायचे आहेत, त्यामुळे आपल्या तारखेपर्यंत नवा लेख होणार नाही. माझं नाव यादीतून काढावं. चालणार असेल तर वसतिगृहावरचा माझा जुना लेख घ्यावा, सोबत पाठवतो आहे.”

यात कारण एकाच वाक्यात आहे. कामांची जंत्री लांबली की सर मदतीच्या सुरात म्हणतात, “मग पाचशेच शब्द दे,” आणि पाचशे शब्दांचा चांगला लेख हजारांपेक्षा अवघड. “यादीतून काढावं” हे स्पष्ट लिहिल्यावर पान अडकून राहत नाही. जुना लेख सुचवण्याआधी मात्र त्याचे हक्क आपल्याकडेच आहेत ना, हे पाहायचं आणि खाली पूर्वप्रसिद्धीची ओळ द्यायला सांगायचं. तसा लेख नसेल तर अंकातल्या मुलांनी फोनवर वीस मिनिटांची मुलाखत घ्यावी, असं सुचवता येतं. मुलांनाही लिहिण्याचं काम मिळतं. तेवढाही वेळ नसेल तर पत्र “काढावं”पाशीच संपवलेलं चालतं.

“पुढच्या वर्षी नक्की” हे मात्र सहज लिहू नये. सर तेही टिपून ठेवतात, आणि पुढच्या जुलैत फोन येतोच.