पासवर्ड बाबांकडे, टपाल मुलीकडे

सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय असं समजा. पुढचे काही दिवस विम्याची पत्रं आणि सोसायटीच्या नोटिसा पुण्यातल्या मुलीने पाहायच्या. बहुतेक घरांत अशा वेळी फोनवर पासवर्ड सांगितला जातो. पण जीमेलचा पासवर्ड नुसत्या टपालाचा नसतो. बाबांचे फोटो, ड्राइव्हमधली कागदपत्रं, क्रोममध्ये साठवलेले इतर पासवर्ड, सगळं त्याच खात्यात असतं.

त्यापेक्षा जीमेलमधली प्रतिनिधी नेमण्याची सोय वापरावी. ही नेमणूक कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून करावी. बाबांनी आपल्या जीमेलमध्ये वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून See all settings उघडायचं आणि Accounts and Import या भागात जायचं. तिथे Grant access to your account समोर Add another account दिसतं. त्यात मुलीचा जीमेल पत्ता घालायचा. याहूचा पत्ता चालत नाही.

मुलीला एक ईमेल येते. तिने त्यातल्या लिंकवरून होकार द्यायचा. आठवडाभरात होकार दिला नाही तर निमंत्रण बाद होतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. होकारानंतरही खातं दिसायला कधीकधी 24 तास लागतात, तेव्हा हे काम ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळवर ठेवू नये. पुढे मुलगी स्वतःच्याच जीमेलमध्ये, उजवीकडच्या आपल्या चित्रावर क्लिक करून बाबांची पत्रपेटी उघडते.

आता ती पत्रं वाचू शकते, उत्तर देऊ शकते, पुसूही शकते. पासवर्ड मात्र तिला बदलता येत नाही. उत्तर बाबांच्या पत्त्यावरून जातं, पण सोबत तिचा पत्ताही दाखवायचा की नाही, हे बाबांनी सेटिंगमध्ये ठरवायचं. मी तो दाखवायलाच सांगेन. विमा कंपनीला कोण लिहितंय ते कळलेलं बरं. तिने उघडलेलं पत्र ‘न वाचलेलं’ राहावं, अशीही निवड तिथेच आहे. ती केली नाही तर मुलीने उघडलेली पत्रं बाबांना वाचलेली दिसतात आणि एखादं महत्त्वाचं त्यांच्या नजरेतून सुटतं.

डोळा बरा झाला की त्याच जागी तिच्या पत्त्यासमोरचं delete दाबायचं.

एक धोका मात्र या सोयीनेही टळत नाही. बँकेचा ओटीपी किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक याच पत्रपेटीत येत असेल, तर तीही प्रतिनिधीला दिसते. अमुक पत्रं दाखव, अमुक लपव, असं जीमेलमध्ये ठरवता येत नाही. मुलीच्या बाबतीत हे चालून जाईल. पण ऑफिसातल्या सहायकाला नेमायचं असेल, तर आधी बँकेत आणि म्युच्युअल फंडाकडे वेगळा ईमेल पत्ता नोंदवावा, आणि जुन्या पेटीतली तशी पत्रंही काढून टाकावीत.