दोन वर्षांत तीन नोकऱ्या: मुलाखतीत काय सांगायचं?

लोहारा तालुक्यातला आयटीआय झालेला एखादा फिटर पुण्याजवळ चाकणला कामाला जातो. समजा, त्याने दोन वर्षांत तीन ठिकाणी काम केलं: सात महिने, सात महिने आणि चार महिने. चौथ्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "टिकत का नाहीस?"

यातले सात-सात महिने त्याच्या हातात नव्हते. बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं की ती सलग नोकरी धरली जाते आणि कामगाराला कपातीपासून काही संरक्षण मिळतं. हा नियम औद्योगिक विवाद कायद्यातून आला. म्हणून अनेक ठिकाणी कंत्राटी पोरांना त्याआधीच ब्रेक देतात. मुलाखत घेणाऱ्याला हे ठाऊक असतं, पण बायोडेटावर ते लिहिलेलं नसतं. तेव्हा नुसत्या तारखा न देता ओळ अशी लिहावी: "अमुक कंत्राटदारामार्फत, अमुक प्लांटला, असेंब्ली लाइन, सात महिने, कंत्राटाची मुदत संपली."

कंत्राटदाराचं नाव का? कारण पडताळणीत पीएफचा इतिहास बघितला जातो. पीएफच्या साइटवर लॉगिन करून View मधल्या Service History मध्ये पाहा. कंत्राटदार स्वतःच्या कोडवर पीएफ भरत असेल, तर तिथे त्याचंच नाव दिसतं. बायोडेटात फक्त मोठ्या कंपनीचं नाव लिहिलं, तर खरं बोलूनही खोटं ठरायची वेळ येते.

तिथे नोकरी सोडल्याची तारीखही बघा. ती रिकामी असेल तर एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला होता, असं वाटू शकतं. मालकाने तारीख भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी Manage मधल्या Mark Exit मधून स्वतः भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी येतो. तारीख नीट तपासूनच भरा, नंतर बदलणं कटकटीचं असतं.

राहिले चार महिने. ती नोकरी त्याने स्वतः सोडली. इथे कंत्राटाचं कारण पुढे करू नये, ते पकडलं जातं. "कायम रात्रपाळी होती, जमली नाही म्हणून राजीनामा देऊन निघालो. इथे पाळी आठवड्याने बदलते, हे विचारूनच आलोय." एवढं पुरे. सुपरवायझर वाईट होता, पगार वेळेवर नव्हता, हे खरं असलं तरी तिथे उगाळत बसलं की समोरच्याला वाटतं, उद्या आमच्याबद्दलही हा असंच बोलेल.

न सांगता गावी निघून गेलेला असेल तर मात्र अडचण आहे. रिलिव्हिंग लेटर मिळत नाही, आणि जुन्या ठिकाणी फोन गेला तर "पळून गेला" एवढंच सांगतात. अशा वेळी मुलाखतीतच आधी सांगून टाकलेलं बरं. आणि तिन्ही नोकऱ्या स्वतःच सोडल्या असतील, तर बायोडेटा कितीही नीट मांडला तरी प्रश्न उरतोच.